चार बोटं मोकळी जागा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं एक जुनं घर. आत्या मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका. अलंकारशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. भाचा स्ट्रक्चरल इंजिनियर, शहरातल्या इमारतींचे पाये आणि तुळया काढून देणारा. त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. बायकोसाठी त्याने एक कविता केली आहे, संसाराला घराच्या बांधकामाचं रूपक देऊन. ती आत्यांना दाखवायला तो आला आहे. पहिला खर्डा असा:

विश्वासाचा घातला पाया, प्रेमाच्या उभ्या केल्या भिंती,
समजुतीचं छप्पर वरती, कशाची मग राहील भीती?
तुझ्या हसण्याच्या खिडक्या दोन, मायेचं त्याला दार,
सुखाचा लावला रंग आतून, संसार झाला साकार.

आत्या: वाचली. आता एक कर. ‘विश्वासाचा पाया’ आणि ‘प्रेमाच्या भिंती’ आहेत ना, त्यांची अदलाबदल कर. प्रेमाचा पाया, विश्वासाच्या भिंती. काही बिघडलं?

भाचा: नाही. तसंही चालेल.

आत्या: छप्पर मायेचं कर आणि दार समजुतीचं.

भाचा: तेही चालेल. उलट समजुतीचं दार जरा बरंच वाटतंय.

आत्या: तुझ्या साइटवर पाया आणि भिंत यांची अदलाबदल चालते का रे?

भाचा: कशी चालेल? पाया भार जमिनीत उतरवतो. हल्लीच्या फ्रेमच्या बांधकामात भिंत नुसता आडोसा असते, ती पाडली तरी घर उभं राहतं.

आत्या: म्हणजे साइटवर जे चालत नाही ते कवितेत बिनबोभाट चालतं. याचा अर्थ कवितेत घर नाहीच. घराच्या सामानाची यादी आहे, आणि प्रत्येक वस्तूला एकेका सद्‌गुणाची चिठ्ठी लावली आहे. रूपक म्हणजे दोन गोष्टींच्या घडणीत काहीतरी सारखं सापडायला हवं. इथे घडण कुणी पाहिलीच नाही. आणि हे छप्पर कुठलं? तुमच्या घरावर स्लॅब आहे.

भाचा: ‘भीती’ कुठून आली हे विचारलं नाहीस.

आत्या: ती ‘भिंती’ला यमक म्हणून आली, एवढं कळतं मला. माधव ज्युलियन १८९४ साली याच शहरात जन्मले आणि त्यांनी छंदांवर अख्खी ‘छंदोरचना’ लिहिली, तेव्हा या गावात बसून मी यमकाला नावं ठेवणार नाही. पण संसारात कसली भीती होती हे तू ठरवायला हवं होतंस, ते यमकाने ठरवलं.

भाचा: बरं, माझ्या ओळी कच्च्या आहेत. पण तू एकदम रूपकावरच घसरू नकोस. एकच रूपक धरून ते शेवटपर्यंत, सगळ्या अंगांनी चालवायचं, हे तर आपल्याकडे मोठं मानलंय. सांगरूपक तूच शिकवायचीस. ज्ञानेश्वरीची सुरुवातच घे ना.

आत्या: घेऊ या. १२९० सालचा ग्रंथ. पहिल्याच अध्यायात सगळं वाङ्मय म्हणजे गणेशाची मूर्ती, असं रूपक आहे. पण त्यातली अंगं बघ. सहा दर्शनं हे सहा हात, आणि प्रत्येक हातात वेगळं आयुध. तर्क म्हणजे परशू, कारण तर्क तोडतो. वार्तिककारांनी खोडून काढलेलं मत म्हणजे हातातला मोडका दात. ओंकारातला अकार म्हणजे पाय, उकार म्हणजे मोठं पोट, मकार म्हणजे मस्तक. आता यात अदलाबदल करून दाखव. तर्काला मोदक म्हणता येईल?

भाचा: नाही. आणि खोडलेल्या मताला अखंड दात शोभणार नाही.

आत्या: तिथे मूर्ती आधी डोळ्यांसमोर आहे. दात मोडका आहे हे ज्ञानदेवांना आधीपासून ठाऊक आहे आणि त्या मोडकेपणाचं काय करायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. तो त्यांनी सोडवला.

भाचा: मग हे माझ्याच बाजूने झालं की! सगळी अंगं आली म्हणून रूपक कोसळत नाही. अंग खोटं असलं की कोसळतं. मी घर नीट बांधतो, पायापासून गच्चीपर्यंत, प्रत्येक अंग खरं. मग तर चालेल?

आत्या: स्तोत्रात चालेल. प्रेमकवितेत मला धास्ती वाटते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगरूपकाचे दोन प्रकार सांगितलेत. एक समस्तवस्तुविषय, म्हणजे सगळी अंगं शब्दांनी सांगितलेली. दुसरं एकदेशविवर्ति. त्यात काही अंगं सांगायची आणि बाकीची वाचणाऱ्याला अर्थावरून कळतात. देवाच्या मूर्तीचं पायापासून मस्तकापर्यंत वर्णन करायची रीतच आहे, तिथे पहिला प्रकार खुलतो. पण बायकोशी बोलताना तू पाया, जोतं, कॉलम, स्लॅब, प्लास्टर असं क्रमाने सांगायला लागलास, तर तिला चौथ्या ओळीला कळेल की पुढे रंगकाम येणार. पुढचं कळलं की ऐकण्यात रस उरत नाही.

भाचा: पण एकच तुकडा घेतला तर ते रूपक ‘विस्तारलेलं’ कसं राहील? ती नुसती एका ओळीची उपमा होईल.

आत्या: विस्तार म्हणजे अंगांची संख्या नव्हे. शेमस हीनींची ‘स्कॅफोल्डिंग’ ही कविता घे. १९६६च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या संग्रहातली. लग्न म्हणजे बांधकाम, हाच विषय. दहा ओळी. त्यांत खिडकी नाही, दार नाही, छप्पर नाही, रंग तर नाहीच. फक्त परांची. ती नीट बांधलेली आहे ना हे गवंडी आधी तपासतात, आणि भिंत पक्की झाली की ती उतरवतात. मग कवी बायकोला सांगतो की आपल्यातले काही जुने पूल पडताहेत असं वाटलं तरी घाबरू नकोस. एकच अंग, पण त्याची दोन टोकं दाखवली, लावण्याचं आणि काढण्याचं. अंग एकच राहिलं आणि काळ पुढे सरकला. विस्तार तो.

भाचा: आणि इंग्रजीतला तो कंपास?

आत्या: जॉन डनचा. प्रवासाला निघालेला नवरा, मागे राहणारी बायको, आणि त्या दोघांना दिलेली वर्तुळ काढायच्या कंपासाची उपमा. एवढी गाजलेली, की कविता कंपासाचीच आहे असं लोकांना वाटतं. कविता छत्तीस ओळींची. कंपास येतो शेवटच्या बारांत. आधीच्या चोवीसांत डन दुसरंच काही करून बघतो. मग कंपास सापडतो आणि तो मात्र सोडत नाही. रोवलेला पाय कलतो, फिरता पाय परत येतो तसा तो सरळ होतो. कंपास हातात धरून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही. तू तर रोज साइटवर असतोस. तुझ्या घराबद्दल असं काही सांग, जे मला ठाऊक नाही.

भाचा: पायाबद्दल सांगतो. आमच्या प्लॉटवर काळी माती आहे, इथे बऱ्याच भागांत असते तशी. ती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर माती फुगेल तशी घराला वर ढकलते, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दारं चौकटीत अडकतात. भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते असं दिसलं, की समजायचं, दोष भिंतीचा नाही, मातीचा आहे. लोक दरवर्षी भेगेत सिमेंट भरतात, आणि ती दरवर्षी पुन्हा येते.

आत्या: आणि उपाय?

भाचा: मातीशी भांडायचं नाही. ऋतूचा परिणाम ठरावीक खोलीपर्यंतच पोचतो, त्याच्या खाली उतरायचं. आम्ही साधारण साडेतीन मीटरचे पाइल घेतले, तळाशी फुगा असलेले. घराचा भार त्यांच्यावर. पाइलच्या माथ्यांना जोडणाऱ्या ज्या तुळया असतात, त्यांच्यावर भिंती उभ्या राहतात. पण त्या तुळया मातीवर टेकवायच्या नाहीत. तुळईच्या तळाखाली ऐंशी मिलिमीटर मोकळं ठेवायचं, चार बोटं म्हण. पावसात माती उठली तर त्या जागेत उठेल, तुळईला ढकलणार नाही.

आत्या: लोकांना माहीत असतं हे?

भाचा: इंजिनियरला असतं. पण साइटवर नेमकं इथेच बिघडतं. ती जागा रिकामी दिसते, म्हणून कुणीतरी तिच्यात राडारोडा दाबून टाकतो. त्याला वाटतं, आपण तुळईला आधार दिला. खरं तर त्याने मातीला तुळईपर्यंत पोचायची वाट करून दिलेली असते.

आत्या: आता अदलाबदल करून बघ. ‘विश्वासाची चार बोटं’ म्हणून चालेल?

भाचा: नाही. ती जागा कशाचीच नाही. ती रिकामी आहे म्हणूनच कामाची आहे.

आत्या: झालं. हे एक अंग धर. पाया, भिंती, छप्पर, सगळं सोड. लिही.

(भाच्याने तिथेच बसून लिहिलं.)

दाहोदचा मिस्त्री म्हणाला होता,
माती काळी आहे, साहेब, पावसात उठते.
तुळई टेकवू नका तिच्यावर,
खाली चार बोटं सोडा.
मी सोडली.
आता तुझा अबोला दर आषाढात फुगतो,
उठतो चार बोटं,
आणि वर एक खिडकीही अडकत नाही.

आत्या: पहिल्या चार ओळी मला आवडल्या, कारण त्या घराबद्दलच बोलतात. ‘साहेब’ आल्यामुळे माणूस उभा राहिला. पण पाचवीपासून पुढे वाच आणि सांग, यात तू कोण आहेस?

भाचा: घर बांधणारा.

आत्या: आणि ती?

भाचा: ...माती.

आत्या: तू शहाणा, दूरदृष्टीचा, जागा सोडणारा. ती फुगणारी. आषाढ आला की तिचाच अबोला उठतो, तुझं काही उठत नाही. तिने हे वाचलं तर काय म्हणेल? बांधकामाच्या रूपकात हा खड्डा ठरलेला. लिहिणारा स्वतः गवंडी होतो आणि जिच्यावर लिहितो तिला सामान करून टाकतो, कधी पाया, कधी दिवा, कधी माती. तुझ्या पहिल्या खर्ड्यात तर तिच्या वाट्याला दोन खिडक्या आल्या होत्या.

भाचा: मग दोघं मिळून बांधतात असं करू?

आत्या: दोघांनी बांधलं, आणि दोघांच्यातही माती आहे. दोन्ही हवं. ‘मी सोडली’च्या जागी ‘आपण सोडली’. आणि तिच्या अबोल्याशेजारी तुझं काय ठेवशील?

भाचा: ‘माझा ताठा’. हे तिला विचारायची गरज नाही, ती रोज सांगते. पण थांब, एक शंका. मघाशी तू म्हणालीस की काही अंगं न सांगता सोडावीत. मग अबोला आणि ताठा हेही कशाला सांगायचं? फक्त माती, तुळई, पाऊस एवढंच ठेवू. वाचणारा ओळखेल.

आत्या: नाही ओळखणार. ती मातीची माहिती होईल, किंवा उखाणा होईल. एकदेशविवर्तीतही काही अंगं शब्दांत येतातच, त्यांच्या आधाराने बाकीची कळतात. अबोला आणि ताठा ही दोन नावं ठेव. त्यांच्यामुळे माती म्हणजे काय ते कळतं. तुळई म्हणजे काय, खिडकी म्हणजे काय, हे सांगू नकोस. मुलं, घरखर्च, दोन्हीकडची माणसं, ज्याला जे वाटेल ते त्याने घ्यावं.

भाचा: मान्य. आता शेवट. मला वास्तुशांतीवर संपवायचं आहे.

आत्या: पत्रिकेवर छापायची असेल तर संपव. वास्तुशांत म्हणजे काम पुरं झालं, मिस्त्रीचा हिशेब चुकता झाला. संसाराचं तसं होतं का? मी तुला शेवट सुचवते. ‘ती जागा कुणाला दिसत नाही, घर तिच्यावरच उभं आहे.’

भाचा: सुंदर आहे. पण चालणार नाही.

आत्या: का?

भाचा: घर त्या जागेवर उभं नाही, आत्या. पाइलवर उभं आहे. त्या चार बोटांवर शून्य भार आहे. तिथे भार आला तर माझं डिझाइन फसलं असा अर्थ होतो.

आत्या: अरे, पण भावना खरी आहे. संसार त्या मोकळ्या जागेवरच टिकतो.

भाचा: असेल. पण मघाशी तूच माझी भिंत पायाच्या जागी नेऊन दाखवलीस आणि म्हणालीस, कवितेत घरच नाही. आता मी तुझ्या ओळीला तेच म्हणतो. कानाला गोड लागावी म्हणून तू घराला खोटं बोलायला लावते आहेस. आधीच्या सात-आठ ओळी वाचणाऱ्याने मिस्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवलाय, तो शेवटच्या ओळीत मोडायचा?

आत्या: बरं. तू काय लिहिशील?

भाचा: ‘घराचा भार खोल गेला आहे, जिथे पाऊस पोचत नाही. ती चार बोटं कुठलाच भार घेत नाहीत. जागा देतात.’

आत्या: माझ्या ओळीपेक्षा ही कोरडी आहे, पण जास्त सांगते. भार घेणं वेगळं आणि जागा देणं वेगळं, हे मी संसाराबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं. तरी एक उरतंच. कुठलंही रूपक एका ठिकाणी बसत नाही. ते ठिकाण शोधावं लागतं, आणि ते लपवण्यापेक्षा वापरलेलं बरं. तुझ्या घरात ती जागा एकदा ठेवली. पुढे कोण बघतं तिकडे?

भाचा: कुणी नाही. जोत्याच्या कडेने फरशी झाली की तिथे हातही पोचत नाही. ती एकदा सोडायची, नीट सोडायची.

आत्या: आणि लग्नात?

भाचा: लग्नात राडारोडा साचतो. ती जागा दरवर्षी पुन्हा मोकळी करावी लागते.

आत्या: इथे घर आणि संसार वेगळे झाले. हे कवितेत आलं पाहिजे, आणि माझ्या मते शेवटी आलं पाहिजे. इतका वेळ घराचं बोलत आलास, आता एका ओळीपुरता घराबाहेर ये.

भाचा: शेवटी नको. शेवटी टाकली की ती शिकवण होते. वाचणाऱ्याला वाटतं, एवढं घर बांधलं ते हे तात्पर्य सांगायला. मी ती मध्ये ठेवतो. माती उठून झाली, खिडकी अडकली नाही, मग ही ओळ, आणि मग परत घरात जाऊन भाराच्या ओळी. म्हणजे त्या भाराच्या ओळी वाचताना मनात घरही असेल आणि आम्हीही असू.

आत्या: मी शेवटीच ठेवली असती. पण कविता तुझी आहे. वाच पुरी.

दाहोदचा मिस्त्री म्हणाला होता,
माती काळी आहे, साहेब, पावसात उठते.
तुळई टेकवू नका तिच्यावर,
खाली चार बोटं सोडा.
आपण सोडली.
तुझा अबोला, माझा ताठा
दर आषाढात फुगतो,
उठतो चार बोटं,
आणि वर एक खिडकीही अडकत नाही.
घरात ही जागा एकदा सोडली की झालं,
आपल्याला दरवर्षी सोडावी लागते.
घराचा भार खोल गेला आहे,
जिथे पाऊस पोचत नाही.
ती चार बोटं कुठलाच भार घेत नाहीत.
जागा देतात.

आत्या: ‘एक खिडकीही अडकत नाही’, हे खरं आहे का?

भाचा: घराबद्दल खरं आहे.

आत्या: मी संसाराबद्दल विचारते आहे. पंचवीस वर्षांत एकदाही नाही?

भाचा: अडकली आहे. दोन-तीनदा चांगलीच.

आत्या: मग ती ओळ घराला खरी आणि तुम्हाला खोटी. मघाशी तू मला उलट बाजूने पकडलंस. ओळ दोन्हीकडे खरी हवी, नाहीतर काढ.

भाचा: ‘आणि वर सहसा खिडकी अडकत नाही’?

आत्या: ‘सहसा’ ठेव. या एका शब्दासाठी ती बाकीची कविता तुला माफ करील. पण ‘दरवर्षी’ वाचून ती विचारणार, गेल्या वर्षी कधी सोडली होतीस? त्याचं उत्तर तयार ठेव. ते कवितेत घालू नकोस, तिला तोंडी दे.